अंककोडं : सूचना उत्तर देत नाही, यादी देते



वर्तमानपत्रातलं शब्दकोडं आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. आडवे शब्द, उभे शब्द आणि दोघांच्या वाट्याला आलेलं एखादं सामायिक अक्षर. त्याच चौकटीत अक्षरांऐवजी अंक भरायचे आणि अर्थाऐवजी संख्येचा गुणधर्म सांगायचा, की झालं अंककोडं तयार. नियम दोनच आहेत. एका घरात एकच अंक लिहायचा आणि कुठल्याही संख्येची सुरुवात शून्याने करायची नाही.

दिसायला दोन्ही कोडी सारखी असली तरी आतून त्यांच्यात मोठा फरक आहे. शब्दकोड्यात अर्थ कळला की बहुतेक वेळा शब्द सापडतो. अंककोड्यात तसं होत नाही. 'दोन अंकी वर्गसंख्या' अशी सूचना असेल तर १६, २५, ३६, ४९, ६४, ८१ या सहाही संख्या बरोबर आहेत. म्हणजे सूचना आपल्याला उत्तर देत नाही, ती फक्त यादी देते. त्या यादीतली नेमकी संख्या कोणती, हे तिला छेदून जाणारी दुसरी संख्या ठरवते. आजचा सगळा लेख या एकाच गोष्टीवर आहे. एक छोटं कोडं आणि एक जरा मोठं कोडं आपण पूर्ण सोडवून पाहू. मग असं कोडं स्वतः तयार करताना ते कुठे बिघडतं तेही बघू. आमच्या पालीच्या मुलांसारखीच तुमच्याकडच्या पाचवीच्या मुलांचीही पाढे आणि विभाज्यतेच्या कसोट्या झाल्या असतील, तर एवढी शिदोरी पुरते.

आधी चार घरांचं कोडं

वहीवर दोन ओळी, दोन स्तंभ अशी चौकट काढा. घरांना नावं देऊ म्हणजे बोलायला सोपं जाईल.

| अ | ब |
|---|---|
| क | ड |

सूचना अशा :

- आडवी अब : वर्गसंख्या
- आडवी कड : हर्षद संख्या
- उभी अक : ९ च्या पाढ्यातली संख्या (पाढा पुढे वाढवला तरी चालेल)
- उभी बड : वर्गसंख्या

यातली हर्षद संख्या काहींना नवी असेल. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला निःशेष भाग जातो ती हर्षद संख्या. २४ घ्या. २ + ४ = ६ आणि २४ ला ६ ने भाग जातो, म्हणून २४ हर्षद आहे. २५ ची बेरीज ७, भाग जात नाही, म्हणून २५ हर्षद नाही. हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. हर्षद म्हणजे हर्ष देणारी. कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणूचा आणि नोकरी देवळालीच्या शाळेत शिक्षकाची. १९३० ते १९६२ अशी वर्षं त्यांनी शाळेत शिकवलं आणि अंकांच्या गमती शोधल्या. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक तुम्ही ऐकला असेलच. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याशीही त्यांचा एक धागा आहे. विद्यार्थी असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं होतं, आणि ते रँग्लर र. पु. परांजपे मूळचे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. शाळेतल्या शिक्षकाने शोधलेली संख्या शाळेतल्या कोड्यात वापरायला छानच वाटतं.

आता कोडं सोडवू. सर्वात लहान यादी कुणाची? वर्गसंख्यांची, सहाच आहेत. आणि 'ब' या घरातून आडवी आणि उभी अशा दोन वर्गसंख्या जातात. म्हणून तिथूनच सुरुवात. 'अब'चा एककाचा अंक हाच 'बड'चा दशकाचा अंक आहे.

अब १६ असेल तर बड ६ ने सुरू होईल, म्हणजे ६४. अब २५ असेल तर बड ५ ने सुरू व्हायला हवी. अशी वर्गसंख्या नाही, म्हणून २५ बाद. अब ३६ असेल तर बड पुन्हा ६४. अब ४९ असेल तर बड ९ ने सुरू होणार. तीही नाही, ४९ बाद. अब ६४ असेल तर बड ४९. अब ८१ असेल तर बड १६. बघा, सहाच्या चार झाल्या.

आता 'अक' घेऊ. १ ने सुरू होणारी ९ च्या पटीतली दोन अंकी संख्या १८, ३ ने सुरू होणारी ३६, ६ ने सुरू होणारी ६३, ८ ने सुरू होणारी ८१. प्रत्येक वेळी एकेकच. म्हणून चारही शक्यतांमध्ये खालची आडवी संख्या 'कड' आपोआप तयार होते : ८४, ६४, ३९, १६. आता हर्षदची कसोटी लावा. ८४ ची बेरीज १२ आणि १२ × ७ = ८४, जमलं. ६४ ची बेरीज १०, नाही. ३९ ची १२, नाही. १६ ची ७, नाही. उरलं एकच उत्तर :

| १ | ६ |
|---|---|
| ८ | ४ |

इथे एक गंमत मुलांना दाखवा. दोन अंकी हर्षद संख्या एकूण २३ आहेत. ती यादी घेऊन सुरुवात केली असती तर मुलं कंटाळली असती. पण शेवटी वापरली तेव्हा त्याच सूचनेने एका फटक्यात तीन शक्यता उडवल्या. म्हणजे लांब यादीची सूचना निकामी नसते, तिची वेळ शेवटी येते.

आता नऊ घरांचं कोडं

| अ | ब | क |
|---|---|---|
| ड | इ | फ |
| ग | ह | म |

आडव्या संख्या :

- अबक : वर्गसंख्या, अंकांची बेरीज १३
- डइफ : अंकांची बेरीज १२
- गहम : २५ ने भाग जाणारी

उभ्या संख्या :

- अडग : वर्गसंख्या
- बइह : ९ ने भाग जाणारी
- कफम : वर्गसंख्या

पुढे वाचायच्या आधी पाच मिनिटं स्वतः प्रयत्न करून बघा. मग पुढे या.

पहिलं काम, कुणाची यादी किती मोठी ते बघायचं. तीन अंकी वर्गसंख्या १० च्या वर्गापासून ३१ च्या वर्गापर्यंत, म्हणजे २२. २५ ने भाग जाणाऱ्या तीन अंकी संख्या ३६. बेरीज १२ येणाऱ्या ६६. ९ ने भाग जाणाऱ्या तर पूर्ण १००. पण पहिल्या सूचनेत दोन अटी एकत्र आहेत. २२ वर्गसंख्यांच्या अंकांची बेरीज करून बघितली तर १३ फक्त तिघांची येते : २५६, ६२५ आणि ८४१. तीनच! मग सुरुवात इथूनच.

दुसरं काम, 'म' या कोपऱ्याकडे बघा. २५ ने भाग जाणारी संख्या ००, २५, ५० किंवा ७५ ने संपते. म्हणजे 'म' मध्ये ० किंवा ५ एवढेच अंक येऊ शकतात. आणि 'म' हा उभ्या 'कफम'चाही शेवट आहे, जी वर्गसंख्या आहे. आता तिन्ही वाटा एकेक करून चालून बघू.

अबक ६२५ धरली तर 'क' मध्ये ५. ५ ने सुरू होणाऱ्या तीन अंकी वर्गसंख्या ५२९ आणि ५७६. दोन्हींचा शेवट ० किंवा ५ नाही. ही वाट बंद.

अबक ८४१ धरली तर 'क' मध्ये १. १ ने सुरू होणाऱ्या वर्गसंख्या १००, १२१, १४४, १६९, १९६. यातली शेवटी ० असलेली फक्त १००. म्हणून 'फ' मध्ये ० आणि 'म' मध्येही ०. उभी 'अडग' ८ ने सुरू होते. ८ ने सुरू होणारी तीन अंकी वर्गसंख्या एकच, ८४१. म्हणून 'ड' मध्ये ४. आता मधली आडवी ओळ ४, इ, ० अशी आहे आणि बेरीज १२ हवी, म्हणून 'इ' मध्ये ८. मधला स्तंभ झाला ४, ८, ह. खालची ओळ ०० किंवा ५० ने संपणार, म्हणून 'ह' मध्ये ० किंवा ५. ४८० ची बेरीज १२, ४८५ ची १७. दोघींनाही ९ ने भाग जात नाही. ही वाट बरीच आत गेली, पण तीही बंद झाली.

राहिली २५६. 'क' मध्ये ६. ६ ने सुरू होणाऱ्या वर्गसंख्या ६२५ आणि ६७६. शेवटी ५ हवा म्हणून ६२५. 'फ' मध्ये २, 'म' मध्ये ५. खालची ओळ २५ किंवा ७५ ने संपणार, म्हणून 'ह' मध्ये २ किंवा ७. डावीकडची उभी 'अडग' २ ने सुरू होणारी वर्गसंख्या, म्हणजे २२५, २५६ किंवा २८९. म्हणून 'ड' मध्ये २, ५ किंवा ८. मधल्या ओळीची बेरीज १२ आणि 'फ' मध्ये २, म्हणजे 'ड' आणि 'इ' मिळून १०. म्हणून 'इ' मध्ये अनुक्रमे ८, ५ किंवा २.

शेवटी मधला स्तंभ ५, इ, ह. ९ ने भाग जायचा तर बेरीज ९ किंवा १८ हवी. 'इ' ८ असेल तर ५ + ८ = १३, 'ह' ५ लागेल, पण तिथे २ किंवा ७ च चालतो. 'इ' ५ असेल तर बेरीज १०, 'ह' ८ लागेल, तेही नाही. 'इ' २ असेल तर बेरीज ७, 'ह' २ लागेल. जमलं!

| २ | ५ | ६ |
|---|---|---|
| ८ | २ | २ |
| ९ | २ | ५ |

पडताळा करा. २५६ हा १६ चा वर्ग, बेरीज १३. ८२२ ची बेरीज १२. ९२५ म्हणजे २५ × ३७. उभी २८९ हा १७ चा वर्ग, ५२२ म्हणजे ९ × ५८, ६२५ हा २५ चा वर्ग. सगळं जुळतं.

मुलांपैकी कुणीतरी नक्की विचारतं, "बाई, नऊची कसोटी बेरजेवर का चालते?" तेव्हा ५२२ च फळ्यावर फोडून दाखवा. ५०० म्हणजे ५ वेळा ९९ आणि वर ५. २० म्हणजे २ वेळा ९ आणि वर २. मग शेवटचे २. ९९ आणि ९ चे गठ्ठे तर ९ ने जातातच. उरतात ५ + २ + २, म्हणजेच अंकांची बेरीज. ती ९ ने गेली तर सगळी संख्या गेली.

उत्तर बरोबर, पण विचार?

इथे शिक्षकाने जपायला हवं. समजा एखाद्या मुलाच्या मनात '२५ ने भाग जाणारी संख्या २५ किंवा ७५ ने संपते' एवढंच आहे, ०० आणि ५० तो विसरला. तर त्याच्यासाठी 'म' मध्ये फक्त ५ येऊ शकतो, आणि ८४१ ची वाट पहिल्याच पावलाला बंद होते. तो आपल्या आधी २५६ वर पोचतो आणि चौकटही बरोबर भरतो! वही तपासताना आपण बरोबरची खूण करणार आणि त्याची चूक तशीच पुढे जाणार.

म्हणून चौकट तपासू नका, वाटा तपासा. "८४१ तू का सोडलीस?" एवढाच एक प्रश्न विचारा. "त्याच्या शेवटी शून्य येत होतं, आणि २५ च्या पाढ्यात शून्य येत नाही" असं उत्तर आलं की चूक सापडली. हे व्हावं म्हणून मुलांना सांगा की बाद केलेली संख्या खोडायची नाही, तिच्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी कारण दोन शब्दांत लिहायचं. नक्की न झालेले अंक घराच्या कोपऱ्यात बारीक पेन्सिलीने लिहायचे.

दुसरी नेहमीची चूक अंकांच्या बेरजेतली. काही मुलं १३ आल्यावर थांबत नाहीत, १ + ३ = ४ करतात. मग १२१ आणि ४०० या संख्याही त्यांच्या यादीत येतात, कारण त्यांचीही बेरीज ४. सूचनेत 'बेरीज १३' म्हटलंय म्हणजे एकदाच बेरीज, हे आधीच स्पष्ट करा.

कोडं तयार करताना

मुलांना सोडवण्यापेक्षा तयार करायला जास्त आवडतं. चौकटीत आधी अंक भरायचे आणि मग त्यांना साजेशा सूचना लिहायच्या, असं सोपं वाटतं. पण यात एक मोठा खड्डा आहे. लिहिलेल्या सगळ्या सूचना आपल्या चौकटीला लागू पडतात म्हणजे कोडं बरोबर झालं, असं नाही. त्या दुसऱ्या कुठल्याही चौकटीला लागू पडता कामा नयेत.

वरच्याच कोड्यात एक छोटा बदल करून बघू. मधल्या ओळीची सूचना 'अंकांची बेरीज १२' ऐवजी '६ ने भाग जाणारी' अशी करा. ८२२ ला ६ ने भाग जातो (६ × १३७), तेव्हा सूचना खोटी नाही. बाकी पाच सूचना तशाच ठेवा. आता पुन्हा सोडवा. चार वेगवेगळी उत्तरं निघतात :

- २५६, ८२२, ९२५
- २५६, ५२२, ६२५
- २५६, २२२, ५२५
- ८४१, ४५०, १००

ओळीने वरपासून खाली लिहून प्रत्येकाचा पडताळा करा, चारही बरोबर आहेत. मघाशी अगदी शेवटी बंद झालेली ८४१ ची वाट आता शेवटपर्यंत जाते. मुलाने यातलं कुठलंही उत्तर आणलं तर त्याला चूक म्हणता येणार नाही. ढिली आहे ती सूचना. तीन अंकी ६ ने भाग जाणाऱ्या संख्या १५० आहेत, बेरीज १२ येणाऱ्या ६६. पण नुसती यादी लहान केली म्हणून काम झालं असं नाही. नवी अट नेमक्या हलणाऱ्या घरांना पकडते का, ते महत्त्वाचं.

हलणारी घरं शोधायची कशी? मिळालेली उत्तरं शेजारी शेजारी मांडा. पहिल्या तीन उत्तरांत सात घरं तीच आहेत, फक्त 'ड' आणि 'ग' बदलतात. ही दोन्ही घरं ज्या एकाच संख्येत आहेत ती म्हणजे उभी 'अडग' : २८९, २५६, २२५. मग दुरुस्ती तिथेच करा. 'अडग : वर्गसंख्या, अंकांची बेरीज १९' असं लिहिलं की २५६ (बेरीज १३) आणि २२५ (बेरीज ९) दोन्ही बाद. चौथ्या उत्तरात तिथे ८४१ आहे, त्याचीही बेरीज १३, तेही बाद. मधल्या ओळीची '६ ने भाग जाणारी' ही सूचना तशीच ठेवूनही कोडं आता एका उत्तराचं झालं.

वर्गसंख्येला बेरजेची अट जोडताना एक गोष्ट लक्षात ठेवा. वर्गसंख्येला ९ ने भागलं तर बाकी ०, १, ४ किंवा ७ यापैकीच येते, दुसरी येत नाही. अंकांच्या बेरजेला ९ ने भागलं तरी तीच बाकी येते. म्हणून बेरीज ९, १०, १३, १६, १८, १९ अशी चालेल. पण 'वर्गसंख्या, बेरीज १२' किंवा 'बेरीज १४' अशी सूचना लिहिली तर तिची यादी रिकामीच राहील. मुलांनी परस्परांसाठी बनवलेल्या कोड्यांत अशी सूचना दिसली, तर ती बनवणाऱ्याने चौकट आधी भरली नव्हती हे लगेच ओळखता येतं.

तयार कोडं वर्गात देण्याआधी ते कोऱ्या चौकटीत, उत्तर बाजूला ठेवून, सगळ्या वाटांनी सोडवा. एक उत्तर मिळालं म्हणून थांबू नका; उरलेल्या वाटा का बंद होतात ते लिहून काढा. सगळ्या बंद झाल्या, तरच कोडं पक्कं.

आता तुमच्या वर्गासाठी एक प्रश्न. मधली ओळ '६ ने भाग जाणारी' तशीच ठेवा आणि 'अडग'ची बेरीज १९ ऐवजी १३ करा. आता किती उत्तरं येतील? आणि ९ केली तर? मुलांना आधी करू द्या, मग खालची ओळ वाचा.

उत्तर : बेरीज १३ असेल तर दोन (२५६, ५२२, ६२५ आणि ८४१, ४५०, १००). बेरीज ९ असेल तर एकच (२५६, २२२, ५२५).